पंख्याचे आणि बल्बचे जास्तीचे पैसे किती महिन्यांत वसूल होतात

प्रश्न : "बार्शीला आमचं छोटं घर आहे, चार पंखे. हॉलचा पंखा वीस वर्षांचा आहे पण चालतो, दिवसाचे १४ तास. बेडरूमच्या पंख्याचं वाइंडिंग जळालंय, तो रोज ९ तास फिरायचा. स्वयंपाकघरातला दोनच तास लागतो. दुकानदार म्हणतो पाच स्टारचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घ्या, २,८०० रुपये, साधा १,६०० ला आहे पण वर लागलेले पैसे सहा महिन्यांत निघतात. चारही बदलून टाका म्हणतो. बिल सरासरी १७० युनिटचं येतं. हे सहा महिने खरे आहेत का? आणि घरातले सीएफएल, ट्यूबलाइट काढून एलईडी लावायचे तर त्याचा हिशोब कसा करायचा?"

सहा महिने नाहीत. तुमच्या हॉलला साधारण वर्षभर, बेडरूमला पावणेदोन-दोन वर्षं, स्वयंपाकघराला साडेपाच-सहा वर्षं. चौथा पंखा कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण तास लिहिले नाहीत म्हणजे तो फार फिरत नसणार. त्याला हात लावू नका. बल्बचं उत्तर जागेगणिक वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

मी बावीस वर्षं घरगुती वायरिंगची कामं करतो आणि हा हिशोब गिऱ्हाइकाच्या बिलाच्या पाठीमागे पेनाने करून दाखवतो. गणित चौथीतलं आहे. चुकतं ते त्यात टाकायचे आकडे.

```
महिन्याची बचत (युनिट) = वॉटमधला फरक × रोजचे तास × ३० ÷ १०००
वसुलीचे महिने = वर लागलेले पैसे ÷ (बचतीची युनिट × एका युनिटचा दर)
```

दुकानदार पहिल्याच आकड्यात गंडवतो. तो म्हणतो, "साधा पंखा ७५ वॉटचा, हा २८ चा, ४७ वॉट वाचले." हे ७५ वॉट तुमच्या हॉलमधल्या जुन्या पंख्याचे आहेत. १,६०० रुपयांना जो साधा पंखा तो तुम्हाला विकणार आहे, त्याचे नाहीत. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्याला स्टार लेबल सक्तीचं झालं, म्हणजे आता दुकानातला नवा पंखा निदान एक स्टारचा तरी असलाच पाहिजे. एक स्टार म्हणजे किती, तर पंखा मिनिटाला जेवढे घनमीटर वारं फेकतो त्याला वॉटने भागायचं, त्याला सर्व्हिस व्हॅल्यू म्हणतात. आपल्या नेहमीच्या १,२०० मिलिमीटरच्या, म्हणजे ४८ इंची पंख्याला ती ४ असली की एक स्टार, आणि ६ किंवा वर गेली की पाच. या आकाराचा पंखा साधारण २१० घनमीटर वारं देतो. २१० भागिले ४ म्हणजे साडेबावन्न वॉट. २१० भागिले ६ म्हणजे ३५ वॉट.

तेव्हा नवा साधा पंखा आहे ५२ च्या आसपास. बीएलडीसीवर २८ ते ३५ काहीही छापलेलं असतं, मी हिशोबाला ३० धरतो. म्हणजे दोन नव्या पंख्यांमधला फरक २२ वॉटचा, ४७ चा नाही. निम्म्याहून कमी. दुकानदाराने वर लागलेले पैसे धरले नव्या-नव्यातले, १,२०० रुपये, आणि वॉट धरले जुन्या-नव्यातले. दोन वेगळ्या सौद्यांमधले सोयीचे आकडे एकत्र केले की सहा महिने येतात.

सौदे खरोखरच दोन आहेत. पंखा जळालाय आणि नवा घ्यायचाच आहे, तर वर लागलेले पैसे म्हणजे दोन किमतींमधला फरक, आणि वॉटचा फरकसुद्धा त्याच दोन पंख्यांमधला. चालता पंखा काढून टाकायचा आहे, तर वर लागलेले पैसे म्हणजे नव्या पंख्याची सगळी किंमत वजा भंगाराचे शे-दीडशे, आणि वॉटचा फरक तुमच्या छताला आत्ता टांगलेल्या पंख्याशी. तुमच्या घरी दोन्ही प्रकार आहेत, म्हणून हे एवढं ताणून सांगितलं.

आता जुना पंखा खरंच ७५ चा आहे का, ते मोजून बघा. कुठलंही यंत्र विकत घ्यायला नको. दाराजवळच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, राउटर, सेट टॉप बॉक्स, मोबाइलचे चार्जर, आणि इन्व्हर्टर असेल तर त्याचाही स्विच, कारण बॅटरी चार्ज होत असेल तर सगळं मोजमाप वाया जातं. एवढं केल्यावर लुकलुकणं थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर काहीतरी चालू राहिलंय, ते आधी शोधा. मग फक्त हॉलचा पंखा फुल्ल स्पीडवर लावा, पाच मिनिटं फिरू द्या, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर अकरा लुकलुकी मोजा. पहिली झाली की घड्याळ सुरू, अकरावीला बंद, म्हणजे मधली दहा अंतरं मिळतात. त्या सेकंदांना दहाने भागा. ३,२०० च्या मीटरला १,१२५ भागिले ते सेकंद म्हणजे वॉट. मीटर १,६०० चा असेल तर २,२५० ला भागा.

३,२०० च्या मीटरवर ७५ वॉटचा पंखा असला तर बरोबर पंधरा सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकतो. २८ वॉटच्या बीएलडीसीला चाळीस सेकंद थांबावं लागतं. मी हे गिऱ्हाइकाला मीटरसमोर उभं करून दाखवतो. चाळीस सेकंद वाट बघताना माणसाला बचत जेवढी कळते तेवढी कुठल्याही जाहिरातीने कळत नाही. जुने, एकदा-दोनदा रिवाइंड केलेले पंखे ८०-८५ सुद्धा निघतात, कारण गल्लीतल्या रिवाइंडिंगमध्ये तार आणि फेरे मूळच्यासारखे पडतातच असं नाही. खाली मी तुमचा हॉलचा पंखा ७५ चा धरतोय. तुमचं मोजमाप वेगळं आलं तर तो आकडा टाका.

दुसरा आकडा युनिटच्या दराचा. इथे शिकलेली माणसंही चुकतात. बिलाची रक्कम भागिले युनिट करतात आणि सरासरी दर काढतात. पण पंखा बदलल्यावर जी युनिट वाचतात ती सरासरीतली नसतात, ती वरच्या टोकाची असतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटला एक, १०१ ते ३०० ला दुसरा, त्यापुढे आणखी चढे. २०२४-२५ च्या दराने पहिल्या शंभराला ४.७१ आणि पुढच्या टप्प्याला १०.२९ रुपये होते. दोन्हींवर वहन आकार १.१७, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे हातातून जाणारे पैसे पहिल्या शंभरात युनिटला ६ रुपये ८० पैसे, आणि १०१ पासून १३ रुपये ३० पैसे. दुप्पट!

तुमचं १७० युनिटचं बिल त्या दराने स्थिर आकारासकट साडेसतराशेच्या आसपास येतं, सरासरी काढली तर युनिटला सव्वादहा-साडेदहा. पण तुम्ही १९ युनिट वाचवलीत तर १७० वरून १५१ वर येता, आणि ती सगळीच्या सगळी १३.३० वाली असतात. स्थिर आकार मात्र एक पैशाने कमी होत नाही, म्हणून तो हिशोबात धरायचाच नाही. दर नंतर बदलले आहेत आणि मधूनमधून इंधन समायोजन आकारही लागतो, तेव्हा तुमच्या ताज्या बिलाच्या पाठीमागचा टप्प्यांचा तक्ता घ्या, त्यातला तुमचा वरचा टप्पा घ्या, वहन आकार मिळवा आणि १.१६ ने गुणा. मुंबईत कंपनीप्रमाणे दर वेगळे, गोव्यात तर घरगुती वीज बरीच स्वस्त, त्यामुळे तिथे हाच पंखा जास्त महिने घेतो.

याचा उलटा अर्थही लक्षात घ्या. तुमच्या शेजाऱ्यांचं बिल ९० युनिटचं असेल तर त्यांची प्रत्येक वाचलेली युनिट ६.८० ची. तोच पंखा, तेच तास, पण वसुलीला दुप्पट वेळ. "त्यांचे वर्षात निघाले म्हणे" या बोलण्याला काही अर्थ नाही, जोवर त्यांचं बिल किती युनिटचं ते कळत नाही. आणि १०० च्या अगदी काठावरची घरं असतात, त्यांनी हिशोब तोडून करायचा. ११५ युनिट येत असतील आणि १९ वाचली, तर पहिली १५ तेराच्या दराने आणि उरलेली ४ पावणेसातच्या दराने.

आता तुमचा हॉल. ७५ वजा ३०, फरक ४५ वॉट. १४ तास, ३० दिवस : ४५ × १४ × ३० ÷ १००० म्हणजे १८.९ युनिट. गुणिले १३.३० म्हणजे महिन्याला २५१ रुपये. वर लागलेले पैसे २,८०० वजा भंगाराचे १५०, म्हणजे २,६५०. भागाकार साडेदहा महिने.

पण हे पंखा फिरण्याचे महिने झाले, कॅलेंडरचे नाहीत. बार्शीत डिसेंबर-जानेवारीत हॉलचा पंखा बंदच असणार. वर्षातले दहा महिने धरले तर वर्षाची बचत २,५१० आणि वसुली पावणेतेरा महिन्यांत. म्हणून मी वर "साधारण वर्षभर" म्हटलं. तुम्ही मार्चमध्ये लावलात तर पुढच्या मार्च-एप्रिलात पैसे मोकळे. ऑक्टोबरात लावलात तर मधे दोन महिने तो नुसता टांगलेला राहील, तरी पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पैसे मोकळे.

बेडरूमचं थोडं नाजूक आहे, कारण तिथे रेग्युलेटर मध्ये येतो. माणसं हिशोबात पंखा कायम फुल्ल धरतात. रात्री दोननंतर कोण फुल्ल ठेवतं? पावसाळ्यात तर तीनवरच असतो. आणि स्पीड कमी केला की वीज नुसती कमी होत नाही, खूप कमी होते, कारण वारं ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने बदलते. बीएलडीसी ३० चा तीनवर ११-१२ वॉटवर येतो. साधा पंखा तेवढा उतरत नाही, तरीही नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर ५२ चा ३० पर्यंत येतो. म्हणजे २२ चा फरक १९ वर आला. (जुना डबा रेग्युलेटर असेल, हात लावला तर गरम लागणारा, तर गोष्ट वेगळी. तो पंख्याची वीज स्वतःत जाळतो, म्हणून तीनवरही मीटर जोरातच पळतो. असा डबा घरात असेल तर पंखा राहू द्या, आधी तो बदला. दोन-अडीचशे रुपयांचं काम आहे आणि पंख्यापेक्षा लवकर वसूल होणारंही.)

तर बेडरूम, रोज ९ तास. एप्रिल ते जून फुल्ल : २२ × ९ × ३० ÷ १००० म्हणजे ५.९ युनिट, ७९ रुपये महिना, तीन महिन्यांचे २३७. मार्च आणि जुलै ते नोव्हेंबर तीनवर : १९ × ९ × ३० ÷ १००० म्हणजे ५.१ युनिट, ६८ रुपये महिना, सहा महिन्यांचे ४०८. डिसेंबर ते फेब्रुवारी शून्य. वर्षाचे झाले ६४५. वर लागलेले १,२०० भागिले ६४५ म्हणजे एक वर्ष आणि दहा महिने.

तुमच्यापुढे तिसरी वाटही आहे, ती दुकानदार सांगणार नाही कारण त्यात त्याला काही मिळत नाही. जळालेला पंखा रिवाइंड करून घ्यायचा. समजा साडेचारशे रुपये लागले. मग बीएलडीसीला वर लागणारे पैसे २,३५० आणि वॉटचा फरक पुन्हा ७५ शी. फुल्ल स्पीडच्या महिन्यांत १६२ रुपये, तीनवरच्या महिन्यांत (४५ विरुद्ध ११ धरून) १२२, वर्षाचे बाराशेच्या वर, वसुली तेवीस महिने. बघा, जवळपास तेवढेच आले. त्यामुळे बेडरूमला मी बीएलडीसी घ्या म्हणेन, पण हात आखडलेला असेल आणि रिवाइंड करून दोन वर्षं ढकललीत तरी तुम्ही मूर्ख ठरत नाही. एक स्टारचा नवा साधा पंखा मात्र तुमच्या बेडरूमला मला पटत नाही. दहा वर्षं चालणार असेल तर आठ वर्षं तो तुमचेच पैसे खातो.

स्वयंपाकघर दोन तास. जुना काढून नवा लावला तर महिन्याला २.७ युनिट, ३६ रुपये. २,६५० रुपये निघायला त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर महिने, सहा वर्षांच्या वर. तो स्वतःहून जळेल तेव्हा नव्या-नव्यातला फरक धरूनही अडुसष्ट महिने. इथे साधा पंखाच लावा. शिवाय तिथल्या फोडणीच्या तेलकट वाफेत रिमोटच्या पंख्याचं काय होतं ते मी खोलून पाहिलंय.

आता खोलण्याचाच विषय निघाला म्हणून. बीएलडीसीच्या पोटात सर्किट बोर्ड असतो. माझ्या स्वतःच्या घरी पहिला बीएलडीसी लावला तेव्हा मी असाच छान हिशोब केला होता, चौदा महिन्यांत वसुली. सव्वीसाव्या महिन्यात एका वादळी संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि पंखा नुसता थरथरायला लागला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, फिरायचं नाव नाही. बोर्ड गेला होता. वॉरंटी दोन वर्षांची, ती दोन महिन्यांपूर्वी संपलेली. नवा बोर्ड सातशे रुपये आणि तो यायला अकरा दिवस, मे महिन्यात. साध्या पंख्याचा जास्तीत जास्त कपॅसिटर जातो. पंखा हळू फिरायला लागतो, अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चाळीस-पन्नास रुपयांना मिळतो, दहा मिनिटांचं काम.

तेव्हापासून मी कागदावर एक ओळ जास्त लिहितो. वर लागलेल्या पैशांत बोर्डाचे सातशे मिळवायचे आणि पुन्हा भागायचं. हॉलचे २,६५० चे ३,३५० झाले, वसुली सोळा महिने. अजूनही चांगलंच. बेडरूमचे १,२०० चे १,९०० झाले, वसुली पस्तीस महिने, तीन वर्षांना एक कमी. मग वॉरंटी बघायची. वसुलीचे महिने वॉरंटीच्या आत बसत असतील तर ही सातशेची ओळ खोडून टाका, बोर्ड गेला तर कंपनी देईल. बेडरूमचे बावीस महिने दोन वर्षांत जेमतेमच बसतात, म्हणून तिथे दोन वर्षांची वॉरंटी असलेल्या स्वस्त पंख्यापेक्षा दोनशे रुपये जास्त देऊन तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी घेतलेली बरी. बिलावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. आणि बीएलडीसी लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून साधा स्विच ठेवायचा. रेग्युलेटरमधून दिला की बोर्ड लवकर जातो, आणि ते दिसलं की वॉरंटीही नाकारतात. वायरमनला हे सांगावं लागतं. मी बरेच ठिकाणी दुसऱ्याने लावलेले पंखे बघायला जातो तेव्हा रेग्युलेटर तसाच असतो.

स्टारबद्दल एकच सावधगिरी. लहान पंख्यांसाठी, १,२०० मिलिमीटरच्या आतल्या, स्टारचा तक्ता वेगळा आणि सौम्य आहे. त्यामुळे ३६ इंची पाच स्टार आणि ४८ इंची पाच स्टार एका तराजूत घालू नका. ४८ इंचीतही नुसते वॉट बघून खूश होऊ नका, लेबलवर वारं किती लिहिलंय ते बघा. वारं कमी म्हणून जो पंखा कायम फुल्लवर ठेवावा लागतो, त्याचा कमी वॉटचा फायदा तिथेच संपतो.

आता दिवे. इथे पंख्यासारखं ताणायची गरज नाही, पण एक गोष्ट उलटी आहे. पंख्यात सगळे एकसारखे जुने असतात, दिव्यांमध्ये तुम्ही काय काढताय यावर सगळं अवलंबून आहे.

जुना साठचा पिवळा बल्ब कुठे उरला असेल तर त्याच्याजागी ९ वॉटचा एलईडी. फरक ५१, रोज पाच तास, महिन्याला साडेसात युनिट, शंभर रुपये. बल्बची किंमतच शंभर. एका महिन्यात विषय संपला. कॉपर चोकची जुनी ट्यूब, नावाला चाळीसची, चोक धरून बावन्नच्या आसपास खाते. २० वॉटचं एलईडी बॅटन लावलं तर पाच तासांना महिन्याला ४.८ युनिट, ६४ रुपये, अडीचशेचं बॅटन चार महिन्यांत वसूल. पण ट्यूबच्या पट्टीत पातळ इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर फरक बराच कमी, तिथे मीटरवर लुकलुकी मोजून मगच ठरवा.

तुमचे सीएफएल मात्र राहू द्या. १४ वॉटचा सीएफएल आणि ९ वॉटचा एलईडी, फरक पाचाचा. रोज पाच तास लावला तर महिन्याला पाऊण युनिट, दहा रुपये. शंभर रुपये निघायला दहा महिने. बाथरूममध्ये अर्धा तास लागत असेल तर शंभर महिने, म्हणजे आठ वर्षं. चालू सीएफएल काढण्यात काही हशील नाही, जाईल तेव्हा एलईडी लावा. (जाईल तेव्हा फोडू नका, आत थोडा पारा असतो.)

एलईडीतल्या स्टारचं म्हणाल तर तेवढाच उजेड देणारा एक बल्ब ९ वॉटचा आणि जास्त स्टारवाला ७ चा, फरक दोनाचा. पाच तासांना महिन्याला चार रुपये. त्यासाठी साठ रुपये वर मागितले तर पंधरा महिने. हा हिशोब खरा ठरायचा तर बल्ब पंधरा महिने जगला पाहिजे, आणि स्वस्त एलईडी तिथेच दगा देतो. त्यातले दिवे सहसा जात नाहीत, बुडातला ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारं सर्किट, उष्णतेने जातो. आधी बल्ब फडफडतो, मग मंदावतो, मग मेला. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात किंवा छतात गाडलेल्या डब्यात लावलेला बल्ब हवेशीर होल्डरमधल्यापेक्षा लवकर मरतो, तिथे महागातला लावून काही उपयोग नाही. म्हणून बल्बमध्ये मी स्टारच्या आधी वॉरंटी बघतो. लावताना बल्बच्या पांढऱ्या बुडावर मार्करने तारीख लिहितो आणि बिलाचा फोटो काढून ठेवतो, कारण थर्मल कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते.

तुम्ही विचारला नाही तो दिवा मात्र बघा, देवघरातला झिरोचा बल्ब. नाव झिरो, पण जुना तारेचा असेल तर १५ वॉटच्या आसपास खातो, आणि बऱ्याच घरांत तो चोवीस तास चालू असतो. १५ × २४ × ३० ÷ १००० म्हणजे १०.८ युनिट, महिन्याला १४४ रुपये. तुमच्या अख्ख्या बेडरूमच्या पंख्याच्या बचतीपेक्षा जास्त. अर्ध्या वॉटचा एलईडी झिरो तीस-चाळीस रुपयांना मिळतो, आठ-दहा दिवसांत पैसे निघाले. बेडरूममध्ये रात्रभर जळणारा झिरो असेल तर तोही याच फेरीत काढा.

तेव्हा या आठवड्यात देवघराचा बल्ब आणि कॉपर चोकची ट्यूब बदला. मग हॉल आणि बेडरूम असे दोनच बीएलडीसी आणा, चार नाहीत. हॉलमधून निघालेला पंखा दीडशे रुपयांना भंगारात घालू नका. न वापरातल्या खोलीतला पंखा जाईल तेव्हा तोच तिथे टांगा, तिथे त्याच्या ७५ वॉटने काही बिघडत नाही. मग हॉलच्या हिशोबात धरलेले भंगाराचे दीडशे मिळणार नाहीत आणि वसुली तीन आठवडे पुढे सरकेल, तेवढं चालतं.

आणि पहिल्या महिन्याचं बिल बघून "कमी आलंच नाही" म्हणून दुकानदारावर धावून जाऊ नका. एप्रिलचं बिल मार्चच्या बिलाशी लावलं तर ते वाढलेलंच दिसणार. मागच्या वर्षीच्या एप्रिलशी लावा, आणि दोन्ही बिलांवर रीडिंगच्या तारखा बघून किती दिवसांचं बिल आहे ते मोजा. एक ३० दिवसांचं आणि दुसरं ३४ चं असेल तर तुमच्या घरात त्या चार दिवसांचीच २०-२२ युनिट होतात, हॉलच्या पंख्याची अख्खी बचत त्यात बुडून जाते. खात्री हवी असेल तर नवा पंखा लावल्या दिवशी सगळं बंद करून पुन्हा मीटरसमोर उभे राहा. ३,२०० च्या मीटरवर दोन लुकलुकींमध्ये पस्तीस-चाळीस सेकंद गेले तर पंखा बोलल्याप्रमाणे आहे. वीस-बावीस सेकंदांतच लुकलुकला तर डब्यावर काहीही छापलेलं असो, तो पन्नास वॉटचा पंखा आहे, तो त्याच दिवशी परत करा.